पैसे कटले, पण स्लिप आली नाही: कार्ड मशीन आणि बँकेचं बोलणं

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी नाशिकच्या भांडी बाजारातून फोन आला. "भाऊ, असाल तिथून निघा. ताईंचे पैसे कटलेत, मशीन स्लिप देत नाही, आणि ताई रडकुंडीला आल्यात." कार्ड मशीन बसवणं आणि बिघडलं की दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. रविवार कारंजाजवळच होतो, गाडी तिथेच लावून चालत गेलो.

दुकान जुन्या वाड्यात आहे. दगडी भिंती हातभर जाड, आणि गल्ला अगदी मागे. सिन्नरहून आलेल्या ताईंनी मुलीच्या रुखवतासाठी पितळी समया, तांब्याचा हंडा आणि घंगाळ घेतलं होतं. बिल ₹६,४८०. डेबिट कार्ड मशीनमध्ये घातलं, पिन दाबला. मशीन बराच वेळ `Receiving` दाखवत राहिलं आणि मग `No Response` म्हणून थांबलं. तेवढ्यात ताईंच्या फोनवर पैसे वजा झाल्याचा मेसेज आला. दुकानदार काकांनी शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या बँकेच्या मशीनवर तेच कार्ड लावलं, तर तिथे खात्यात पुरेसे पैसे नाहीत असं उत्तर आलं. ताईंच्या खात्यात सकाळी नऊ हजारांच्या आसपास होते. पैसे खात्यात नाहीत आणि दुकानातही नाहीत, मग ते आहेत कुठे?

हे नीट कळायचं तर मशीन आणि बँक यांच्यात त्या मिनिटभरात काय बोलणं होतं ते बघावं लागतं.

ताईंनी पिन दाबून हिरवं बटण दाबलं की मशीन एक छोटा संदेश तयार करतं. जगभरातली बहुतेक कार्ड मशीनं हा संदेश आयएसओ ८५८३ नावाच्या ठरलेल्या साच्यात लिहितात. पोस्टाच्या मनीऑर्डरच्या फॉर्मसारखाच हा प्रकार. प्रत्येक रकान्याला नंबर आहे आणि कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते आधीच ठरलेलं आहे. ताईंच्या व्यवहारातले मोजके रकाने असे दिसले असते:

```
0200                   (पैसे घेण्याची विनंती)
 4   000000648000      (रक्कम, पैशांमध्ये)
11   000417            (व्यवहाराचा अनुक्रमांक)
41   मशीनचा ८ अक्षरी नंबर
52   कुलूपबंद पिन
55   चिपने दिलेली माहिती
```

रक्कम बारा आकड्यांत आणि पैशांत लिहितात, म्हणून ₹६,४८० चे 648000 झाले. अकराव्या रकान्यातला अनुक्रमांक मशीन दर व्यवहाराला एकाने वाढवतं. हा 000417 लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बँकेचं उत्तर 0210 या नंबराने येतं आणि त्यातला ३९ क्रमांकाचा रकाना निकाल सांगतो. 00 म्हणजे मंजूर, 51 म्हणजे खात्यात पैसे कमी, 55 म्हणजे पिन चुकला, 91 म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडून उत्तरच मिळालं नाही.

हा सगळा संदेश काहीशे बाइटांचा असतो. व्हॉट्सअॅपवर आलेला साधा फोटो याच्या शेकडो पट मोठा असतो. म्हणून "आमच्याकडे फोरजी नाही, मशीन कसं चालणार?" असं कोणी विचारलं तर मी सांगतो की वेग फारसा लागत नाही. लागते ती न तुटणारी वाट. संदेश जाऊन उत्तर परत येईपर्यंतची काही सेकंदं जोडणी टिकली पाहिजे.

वाटा तीन. सिम, वाय-फाय आणि केबल.

सिम असलेलं मशीन जवळच्या मोबाइल टॉवरला धरतं आणि एपीएन नावाच्या दारातून आत शिरतं. साध्या मोबाइलच्या एपीएनमधून सगळं इंटरनेट उघडतं. बऱ्याच बँका मशीनच्या सिमसाठी मात्र खासगी एपीएन घेतात. त्या दारातून पुढे वाट फक्त बँकेच्या किंवा तिचं काम पाहणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. असं सिम काढून फोनमध्ये घातलं तर साधं एक पानही उघडत नाही, आणि लोकांना वाटतं सिम बंद पडलं. उलटंही घडतं. दुकानदार स्वतःच्या फोनचं सिम मशीनमध्ये घालतात, टॉवरची रेघ पूर्ण दिसते, पण व्यवहार होत नाही, कारण मशीनमध्ये लिहून ठेवलेल्या एपीएनचं दार त्या सिमला उघडता येत नाही.

वाय-फायवर मशीन दुकानातल्या राउटरमधून, म्हणजे सगळ्यांच्या इंटरनेटवरून बँकेकडे जातं. इथे दोन अडचणी मला नेहमी दिसतात. बरीच जुनी मशीनं फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात. राउटर ५ वरच ठेवला असेल तर मशीनच्या यादीत त्याचं नावच येत नाही. दुसरी अडचण हॉटेलांमधली. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायला जोडलं की फोनवर आधी मोबाइल नंबर मागणारं पान उघडतं. मशीनला ते पान दाखवताही येत नाही आणि भरताही येत नाही. ते 'जोडलंय' असं सांगत राहतं आणि एकही व्यवहार पुढे सरकत नाही.

केबल सगळ्यात शांत. राउटरमधून निघालेली तार मशीनमध्ये किंवा ते ज्यावर ठेवतात त्या बैठकीत खोचली की राउटर त्याला पत्ता देतो आणि काम सुरू होतं. गल्ला जागचा हलणार नसेल तर मी केबलचाच आग्रह धरतो. भिंती जाड असोत नाहीतर गल्ली अरुंद, तारेला त्याने काही होत नाही.

आता काका मला वर्षभरापासून जो प्रश्न विचारत होते तो. "वाय-फाय लावलं तर कोणी पिन चोरणार नाही ना?" याच धास्तीने त्यांनी मशीन सिमवरच ठेवलं होतं, जिथे सिग्नल धड येतच नाही. त्यांची काळजी खरी होती, पण ती चुकीच्या जागी होती. या सगळ्या व्यवस्थेने वाटेवर विश्वास ठेवायचाच नाही असं धरलेलं आहे. वाट कुठलीही असो, संदेश बंद पाकिटात जातो, आणि आत पिनसाठी आणखी एक कुलूपबंद पेटी असते.

बाहेरचं पाकीट म्हणजे टीएलएस. आपण बँकेची वेबसाइट उघडतो तेव्हा पत्त्याशेजारी जे कुलूप दिसायचं ते हेच. मशीन सर्व्हरला आधी ओळखपत्र दाखवायला लावतं. ते ओळखपत्र कोणाच्या सहीचं असलं पाहिजे हे मशीनमध्ये आधीच भरलेलं असतं. सही जुळली, मुदत संपलेली नसली, तरच पुढे. मग दोघं मिळून त्या एका भेटीपुरती किल्ली ठरवतात आणि पुढचं सगळं बोलणं त्या किल्लीने बंद होतं. मध्ये कोणी राउटरवर बसून ऐकत असेल तर त्याला एवढंच कळेल की हे मशीन अमुक पत्त्याशी अमुक वाजता इतके बाइट बोललं.

गंमतीची गोष्ट म्हणजे ओळखपत्रांची ही देवाणघेवाण खुद्द व्यवहाराच्या संदेशापेक्षा कितीतरी मोठी असते, काही किलोबाइटांची. सिग्नल कमजोर असला की बऱ्याचदा गाडी इथेच अडते. आणखी एका कारणानेही अडते, आणि ते पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. मशीन बरेच दिवस बंद पडून राहिलं आणि त्याचं घड्याळ मागे गेलं, तर चांगलं ओळखपत्रही त्याला 'अजून सुरू न झालेलं' वाटतं आणि ते सर्व्हरला नकार देतं. सिम ठीक, वाय-फाय ठीक, तरी जोडणी होत नाही अशी तक्रार आली की मी आधी पडद्यावरची तारीख बघतो.

आतली पेटी पिनची. हे बाहेरचं पाकीट दुकानदाराच्या बँकेच्या सर्व्हरवर उघडतं, कारण रक्कम आणि कार्ड नंबर वाचल्याशिवाय संदेश पुढे कुठे पाठवायचा हे त्यांना कळणार नाही. पिन मात्र तिथेही कोणाला दिसता कामा नये. म्हणून मशीन पिन वेगळा बांधतं. चाचणीसाठी वापरतात तो 4111 1111 1111 1111 हा कार्ड नंबर आणि 1234 हा पिन घेऊन दाखवतो:

```
पिन      04 12 34 FF FF FF FF FF
कार्ड    00 00 11 11 11 11 11 11
मिळून    04 12 25 EE EE EE EE EE
```

पहिल्या ओळीत 04 म्हणजे पिन चार आकडी आहे, मग पिन, उरलेली जागा F ने भरलेली. दुसऱ्या ओळीत कार्ड नंबराचा शेवटचा आकडा सोडून त्याआधीचे बारा आकडे. दोन्ही ओळी ठरलेल्या गणिताने एकत्र केल्या की तिसरी मिळते. यामुळे दोन माणसांचा पिन एकच असला तरी त्यांच्या तिसऱ्या ओळी वेगळ्या निघतात. ही ओळ अजून गुप्त झालेली नाही, गणित उलटं करून पिन सहज काढता येईल. कुलूप लागतं ते यानंतर, आणि ते कुलूप दर व्यवहाराला नवीन असतं. सर्रास वापरल्या जाणाऱ्या डीयूकेपीटी पद्धतीत मशीनमध्ये आधी एक सुरुवातीची किल्ली भरतात. तिच्यापासून मशीन एकेका व्यवहारासाठी किल्ल्या पाडतं आणि वापरून झालेली पुसून टाकतं. अशा दहा लाखांहून जास्त किल्ल्या एका मशीनला पुरतात. उद्या कोणी मशीन फोडून आजची किल्ली शोधली तरी कालच्या व्यवहारांची त्यात नसते.

मुळात मशीन फोडलं तर सहसा काहीच मिळत नाही. आवरण उघडल्याची खूण मिळताच ते सगळ्या किल्ल्या स्वतः पुसतं आणि पडद्यावर छेडछाडीचा इशारा देऊन बसतं. गल्ल्यावरून जोरात खाली पडलं तरी कधीकधी हेच होतं. मग ते माझ्या हातून सुरू होत नाही, किल्ल्या पुन्हा भरायला सुरक्षित जागी परत पाठवावं लागतं. म्हणून मशीन जपून ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो.

बँकेकडे ही पेटी उघडते ती एचएसएम नावाच्या बंदिस्त यंत्रात. दुकानदाराच्या बँकेचं एचएसएम पेटीचं एक कुलूप काढून आतल्या आत दुसरं लावतं. संदेश पुढे रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांपैकी जे जाळं असेल त्याच्याकडे जातो, आणि तिथून ताईंच्या बँकेकडे. पिन बरोबर आहे की नाही हे शेवटच्या टप्प्यावरच तपासलं जातं, तेही अशाच यंत्राच्या पोटात.

पंचावन्नाव्या रकान्यात कार्डाच्या चिपने दिलेला शिक्का असतो. रक्कम, तारीख, मशीनने त्या क्षणी काढलेला एक आकडा आणि चिपचा स्वतःचा मोजणी नंबर हे सगळं मिसळून चिप आठ बाइटांचा शिक्का बनवते. त्यासाठीची किल्ली चिपमध्ये आणि कार्ड देणाऱ्या बँकेकडेच असते. समजा कोणी संदेश पकडलाच, तर रक्कम बदलली की शिक्का जुळत नाही, आणि तोच संदेश पुन्हा पाठवला तर मोजणी नंबर जुना निघतो. म्हणून मी काकांना सांगितलं, वाय-फाय खुशाल लावा, फक्त त्याला पासवर्ड ठेवा आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना तो वाटू नका. खरी भीती वायफायपेक्षा पिन दाबताना मागून डोकावणाऱ्याची आहे.

म्हणजे वाट बदलल्याने गुपित फुटत नाही. वाट खराब असली की एकच गोष्ट बिघडते, ती म्हणजे उत्तर परत न येणं. ताईंच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

जोडणी कुठे तुटली हे पडद्यावरून बऱ्यापैकी ओळखता येतं. बहुतेक मशीनं `Connecting`, `Sending`, `Receiving` असे टप्पे दाखवतात. `Connecting` वरच अडलं तर संदेश निघालेलाच नाही, पैसे हलण्याचा प्रश्न नाही, पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. `Receiving` वर अडलं तर मात्र दोन शक्यता उरतात. एक तर संदेश वाटेतच हरवला, नाहीतर तो पोचला, बँकेने पैसे वजा केले, 00 लिहून उत्तर पाठवलं आणि ते उत्तर या दगडी भिंतींपाशी येऊन हरवलं. मशीनला यातलं काय घडलं ते कळायला मार्ग नसतो. त्याच्या दृष्टीने दोन्हीकडे शांतताच.

म्हणून त्याला एक सावध नियम शिकवलेला आहे. संदेश पाठवण्याआधीच ते व्यवहाराची नोंद आपल्या स्मृतीत ठेवतं. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर ती नोंद 'रद्द करायची' म्हणून राखून ठेवतं, आणि पुन्हा जोडणी झाली की सगळ्यात आधी 0400 नंबराचा संदेश पाठवतं. त्याचा अर्थ, "माझा 000417 क्रमांकाचा व्यवहार धरू नका, काही वजा केलं असेल तर परत करा." आमच्या भाषेत याला रिव्हर्सल म्हणतात. बँकेने मुळात काहीच वजा केलं नसेल तर या संदेशाने काही बिघडत नाही. हे रिव्हर्सल पोचून त्याची पावती येईपर्यंत मशीन सहसा नवा व्यवहार सोडतच नाही.

आता काकांनी काय केलं ते पुन्हा बघा. पहिलं मशीन त्यांनी बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. रिव्हर्सल पहिल्याच्या पोटात होतं, आणि दुसऱ्या बँकेच्या मशीनला त्याचा पत्ताही नव्हता. ताईंच्या खात्यातून ₹६,४८० आधीच गेले होते, त्यामुळे उरलेल्या पैशांत दुसऱ्यांदा तेवढेच बसत नव्हते, आणि 51 आलं. ते 51 आलं नसतं, खात्यात वीस हजार असते, तर दोनदा पैसे गेले असते.

दुकानदाराच्या बँकेच्या मदत क्रमांकावर काकांना "सात दिवस वाट बघा" एवढंच उत्तर मिळालं होतं. मशीन पुन्हा जोडा, एवढं एक वाक्य त्यांना कोणी सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

मी मशीनची सेटिंग उघडून ते सिमवरून दुकानाच्या वाय-फायवर घेतलं. पासवर्ड काकांच्या मुलाने भरला. तारीख बरोबर होती. मग माझ्या स्वतःच्या कार्डाने एक रुपयाचा व्यवहार सुरू केला, कारण मशीनला बँकेशी बोलायला काहीतरी निमित्त हवं होतं. पडद्यावर आधी रिव्हर्सल जात असल्याची ओळ आली, दोनेक सेकंद थांबली, गेली, आणि मग माझा रुपया मंजूर झाला. काकांनी स्लिप फाडून माझ्या हातात दिली. त्यावरचा अनुक्रमांक 000418 होता.

ताईंची नजर फोनवरच होती. काही मिनिटांनी पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. दर वेळी तो इतक्या लवकर येईलच असं नाही. रिव्हर्सल पोचल्यावर ते खात्यात कधी उतरवायचं हे कार्ड देणाऱ्या बँकेच्या यंत्रणेवर आहे. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या सप्टेंबरमध्ये यासाठी मुदत घालून दिली. खात्यातून पैसे गेले पण दुकानात स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत, आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला खातेदाराला ₹१०० भरपाई मिळाली पाहिजे. हे दिवस कॅलेंडरचे, बँकेच्या सुट्ट्या त्यातून वजा होत नाहीत. तक्रार द्यायची वेळ आली तर तारीख, वेळ, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि दुकानातल्या आधीच्या कुठल्याही स्लिपवरचा मशीनचा आठ अक्षरी नंबर लिहून घ्यावा. एवढ्यावर बँकेला तो व्यवहार सापडतो.

एक गोष्ट काकांना मी दोनदा बजावली. काही मशीनच्या मेनूत राखून ठेवलेलं रिव्हर्सल पुसून टाकायची सोय असते. मशीन अडून बसलं की कंटाळून कोणीतरी ती वापरतं आणि नवे व्यवहार सुरू होतात. पण मग आपोआप पैसे परत मागणारा संदेश कायमचा गेला. पुढे हिशेबाची जुळवणी होईपर्यंत किंवा तक्रार लागेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळत राहतं.

ताईंनी मेसेज दोनदा वाचला, मग लेकीकडे दिला, तिने वाचला. त्यानंतर कार्ड पुन्हा त्याच मशीनमध्ये घातलं, पण या वेळी हिरवं बटण दाबण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता दाबू का हो भाऊ?"

"दाबा ताई."

स्लिप निघाली. 000419. काकांनी घंगाळात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून समया आडव्या ठेवल्या आणि पोरगा केबल कुठून ओढायची ते बघायला माळ्यावर चढला.